सर्किट हाऊसमधला सॉस फुटल्याचे प्रकरण

राज्याची अब्रू सैन्यावर, न्यायावर आणि राज्यकर्त्यांच्या चारित्र्यावर अवलंबून असते, असे थोर लोक सांगून गेले आहेत. १९५४ च्या डिसेंबरात वर्धा जिल्ह्यापुरती ती फुलकोबीवर अवलंबून होती.

फुलकोबी उकडायची आणि तिच्यावर चीज सॉस ओतायचा, एवढेच काम होते. ते सर्किट हाऊसचा खानसामा तानबा याचे. तानबा अकरा वर्षे त्या स्वयंपाकघरात होता आणि अकराही वर्षे 'तात्पुरता' होता. या वर्षी त्याला कायम करण्याचा कागद कचेरीचा कारभार पाहणाऱ्या नाझर प्रभाकररावांच्या टेबलापर्यंत आला, आणि नेमक्या त्याच महिन्यात नागपूरच्या एका सचिवसाहेबांपुढे तानबाचा सॉस फुटला. कडेने पिवळे तेल, मधे ओल्या रव्यासारखा चोथा. सचिवसाहेबांनी काट्याने तो चोथा एका बाजूला सारला आणि पोळी मागितली.

दुसऱ्या दिवशी प्रभाकररावांनी तानबाला बोलावले. ते कधी आवाज चढवत नसत. त्यामुळे लोक त्यांना जास्त भीत.

"तानबा, पुढच्या शनिवारी हॉलंडचे गोपालनतज्ज्ञ येताहेत. दुपारचं जेवण आपल्याकडे. त्यांनी डी.सी. साहेबांना चीजचा गोळा भेट पाठवलाय. शरयूबाईंची इच्छा आहे की त्याचाच सॉस व्हावा."

शरयूबाई म्हणजे डी.सी. साहेबांच्या, जिल्ह्याच्या डेप्युटी कमिशनरांच्या, पत्नी. त्यांच्या इच्छेला जिल्ह्यात शासननिर्णयाची किंमत होती.

"होते साहेब."

"मागच्या वेळीही तू हेच म्हणालास. या वेळी फुटला तर नागपूरहून दुसरा खानसामा मागवावा लागेल. मग तुझा कागद मला परत पाठवावा लागेल. पाहुणे शेऱ्यांच्या वहीत काय लिहितात ते बघू."

गोळा आला. लाल मेणात बुडवलेला, नारळाएवढा. चौकीदार भैय्याजीने तो हातात तोलून पाहिला आणि विचारले, "हे खायचं हाय का खेळायचं?"

तानबाला हसू आले नाही. त्याला एकच गोष्ट कळत नव्हती. हा सॉस त्याने शेकडो वेळा केला होता. जुन्या गोऱ्या कमिशनरच्या मडमेने त्याला शिकवला होता: डब्यातले चीज दुधात टाकायचे, खळखळ उकळायचे, मोहरीची पूड घालायची, झाले. मैदा नाही, काही नाही. लढाईनंतर उरलेले डबे होते तोवर सॉस कधी फुटला नाही. उकळला, थंड केला, पुन्हा उकळला, तरी मखमल. डबे संपले, नागपूरहून खरे चीज आले, आणि पहिल्याच उकळीला फुटले. हात तोच, भांडे तेच, आच तीच. म्हणजे हा चीजचा गुन्हा होता. पण चीज कायम होणार नव्हते, तानबा होणार होता.

त्याने गोळ्याचा एक काप घरी नेला. घर म्हणजे सर्किट हाऊसच्या मागची खोली. बायको जयवंता चुलीशी बसली होती. तानबाने चीज किसले, दुधात टाकले, उकळी आणली. दुधाचा रंग बदलला, मग कडेला तेलाचे डोळे दिसू लागले, मग मधे बारीक कण. त्याने जोरात घोटले. जितके घोटले तितके कण घट्ट झाले; शेवटी तळाशी रबरासारखा गोळा आणि वर तूप.

"कढी फुटली तुमची," जयवंता म्हणाली.

"कढी नाई हे. इंग्रजी हाय."

"इंग्रजी का असेना. दुधाताकाचंच हाय ना? ताक नुसतं तापवलं का फाटते. बेसन लावलं का नाई फाटत. तुमी काऊन नाई लावलं?"

तानबाने भांडे विसळायला घेतले. अकरा वर्षे सरकारी खानसामा असलेल्या माणसाला कढीवरून धडा घेणे जड जाते. पण सकाळी त्याने गुपचूप लोण्यात मैदा परतला, थोडे थोडे दूध घातले, मैदा शिजून दाट झाल्यावर भांडे चुलीवरून खाली उतरवले आणि मगच चीज किसून टाकले. चीज विरघळले. कण नाही, तेल नाही. चमच्यावरून पडताना रेशमी दोर.

त्याने तो जयवंतेला चाखायला दिला.

"बरं हाय," ती म्हणाली. "काऊन झालं माहीत हाय का? पीठ मधे मधे बसते. मंग कण एकमेकाले सापडत नाई. लग्नात भांडखोर सोयरे दूर दूर बसवतो ना, तसं."

प्रकरण इथेच संपले असते. पण तानबाला सरकारी जेवणाची रीत ठाऊक होती. जेवण एकचे असले तर ते तीनला सुरू होते. मधे स्वागत, हार आणि आभार. तोवर सॉस निखाऱ्यावर राहणार. म्हणून त्याने तो शेगडीवर दोन तास ठेवून पाहिला. पहिला तास बरा गेला. दुसऱ्या तासाला सॉस इतका आळला की चमचा उभा राहू लागला. दूध घालून पुन्हा तापवला तर शेगडी भडकली, एक उकळी आली, आणि कडेला तेलाची बारीक रेघ दिसली. त्याच वेळी प्रभाकरराव आत डोकावले. त्यांनी चमचाभर चाखला.

"खळ आहे," ते म्हणाले आणि निघून गेले. त्यांच्या धोतरालाही तीच खळ लागत असावी, कारण शब्द फार जाणकारीने उच्चारला होता.

तानबा बसून राहिला. मैद्याने सॉस सांभाळला होता, पण आच सांभाळणारा माणूस समोर बसलेला असेपर्यंतच. डब्यातल्या चीजला माणूस लागत नव्हता. डब्यात काहीतरी होते.

डबा होता. शेवटचा रिकामा डबा जयवंतेने हळद ठेवायला घेतला होता. बाहेरून त्याचे इंग्रजी लेबल अजून शाबूत होते. तानबा हळदीसकट डबा घेऊन सरकारी दवाखान्यात कंपाउंडर हरिभाऊंकडे गेला.

हरिभाऊंनी चष्मा पुसला, लेबलवरची हळद पुसली आणि वाचले. "चीज, पाणी, मीठ, सोडियम सायट्रेट." मग ते थांबले. मागे वळून त्यांनी फळीवरची एक बरणी उचलली आणि डब्याशेजारी ठेवली. "तानबा, हे तर मी रोज देऊन राह्यलो."

"कोनाले?"

"लघवीच्या जळजळीवाल्याले. मिक्शरमधे."

तानबाने बरणी जरा लांब सरकवली.

"मडमेनं मले सांगितलं नाई," तानबा म्हणाला. "पन ह्यानं सॉस काऊन नाई फुटत?"

"तिलेही माहीत नसन. थांब. हेच औषध रक्ताच्या बाटलीतही टाकतात. काढलेलं रक्त गोठते, ते त्यातल्या चुन्यामुळे, म्हंजे कॅल्शियममुळे. सायट्रेट चुन्याले पकडून ठेवते, मंग रक्त पातळ राह्यते. आता दुधातही चुना असतेच." हरिभाऊंचा आवाज बदलला; पंधरा वर्षे पुड्या बांधणाऱ्या माणसाला कोणी पहिल्यांदाच 'का' विचारले होते. "चीज म्हंजे भिंत समज. दुधातलं प्रोटीन म्हंजे विटा, मधे चुना. तूप-पाणी आत कोंडलेलं. आच जास्त लागली का विटा आणखी आवळतात, आन् आतलं तूप-पाणी पिळून बाहेर. ते तुझं तेल. आवळलेल्या विटा म्हंजे तुझा रवा."

"आन् हे टाकलं तर?"

"हे चुना काढून घेते. विटा सुट्या होतात. सुटी वीट एका हातानं तूप धरते, दुसऱ्या हातानं पाणी. मंग दोघं वेगळे होत नाई."

"किती टाकू?"

हरिभाऊ प्रामाणिक होते. "जळजळीचं प्रमाण मले माहीत हाय. फुलकोबीचं नाई."

मग तीन दिवस प्रयोग चालले. पहिल्या दिवशी दहा तोळे चीजला एक तोळा टाकले. सॉस असा गुळगुळीत झाला की त्यात तोंड दिसावे, आणि चव अशी की साबणाने चूळ भरल्यासारखी. दुसऱ्या दिवशी अर्धा तोळा. दवाखान्याचा वास कमी, पण ओळखता येण्याजोगा. तिसऱ्या दिवशी पाव तोळा, आधी कोमट दुधात विरघळवून, मग किसलेले चीज मुठीमुठीने. तानबाने मुद्दाम उकळी आणली. मुद्दाम थंड केला. पुन्हा उकळी आणली. सॉस ढिम्म हलला नाही. लाल गोळा मात्र एव्हाना एका बाजूने अष्टमीच्या चंद्रासारखा झाला होता.

शनिवारी सकाळी प्रभाकररावांना स्वयंपाकघरात दवाखान्याची बरणी दिसली. त्यांनी लेबल वाचले. ते खाली बसले.

"तानबा. परदेशी पाहुण्याला जळजळीचं औषध?"

"मडमेच्या डब्यातही हेच होतं साहेब. आपन सगळे खात आलो." त्याने हळदीचा डबा पुढे केला.

प्रभाकररावांनी डबा वाचला, बरणी वाचली, पुन्हा डबा वाचला. कुठल्याही कागदावर सही करण्यापूर्वी ते असेच करत. शेवटी म्हणाले, "आधी मी खाईन. मला काही झालं तर बटाट्याची भाजी कर." त्यांनी एक वाटी खाल्ली. घड्याळ काढून अर्धा तास बसले. काही झाले नाही. मग दुसरी वाटी खाल्ली, आणि जाताना दारात थांबून, तानबाकडे न पाहता विचारले, "हे हरिभाऊंकडे नेहमी मिळतं का?"

पाहुणे जवळच्या आंजी गावातल्या गाई पाहून एकला यायचे होते. एका गाईने जीपपुढून हलायला नकार दिला. मग स्वागत झाले, हार झाले, आणि तज्ज्ञांना गाईबद्दल जे माहीत होते ते इतरांनी त्यांना सांगितले. पावणेचार वाजता पाने मांडली गेली. सॉस पावणेतीन तास निखाऱ्यावर होता. तीनदा उकळला होता. तानबाने झाकण उघडले. वर पातळ साय धरली होती. चमच्याने ढवळली, आणि खाली सॉस होता तसा. तेलाचा एक डोळा नाही.

त्याने तो ओतला आणि दाराच्या फटीला डोळा लावला. पाहुणे उंच, लालबुंद, गोळ्यासारखेच. त्यांनी फुलकोबी खाल्ली. थांबले. काट्याने सॉस उचलून खिडकीच्या उजेडात धरला. शरयूबाई इंग्रजीत म्हणाल्या, "तुमच्याच चीजचा आहे." पाहुण्यांनी मान हलवली, पुन्हा वाढून घेतले आणि काहीतरी बोलले. सगळे हसले. तानबाला इंग्रजी कळत नव्हते.

वाढपात उभ्या असलेल्या भैय्याजीला थोडे कळत होते.

"काय म्हनले?" तानबाने विचारले.

"म्हनले, आमच्या घरी चीज आमी सुरीनं कापून पावावर ठेवतो. तापवत कायले बसतो, म्हने."

संध्याकाळी पाहुणे गेले आणि शेऱ्यांची वही नाझरांकडे आली. तानबा टेबलापुढे उभा राहिला. प्रभाकररावांनी पान उघडले, चष्मा लावला, दोनदा वाचले. मग पेन उचलून कागदावर सही केली. जेवणाबद्दल वहीत एक अक्षर नव्हते, आणि नियमाप्रमाणे तक्रार नसली की काम समाधानकारक धरतात. तानबा कायम झाला.

पाहुण्यांनी लिहिले होते, की जेवल्यावर जरा पडलो होतो, मच्छरदाणीला डाव्या बाजूने एक भोक आहे.