पहिल्याच चहाला

पुन्हा सुरुवात करते. मघाशी लिहिलेली खरी नव्हती, फाडून टाकली.

पुस्तकं शिवायच्या आमच्या खोलीत टेबलाला समोरासमोर दोघी बसतात. माझ्या समोरची खुर्ची चार महिने रिकामी होती. मग एक नवी मुलगी आली, बसली, एका झटक्यात सुईत दोरा ओवला. मला इतकं बरं वाटलं की मी लगेच तिला आपलंसं करायला निघाले.

चहाच्या सुट्टीत.

मी : शाळा कधी संपली गं तुझी?

(वय कुणी सरळ विचारत नाही. साल विचारायचं आणि बोटं मोजायची.)

ती : झाली बरीच वर्षं, ताई.

मी : सांग की! माझ्या धाकटीएवढी असशील.

तिने साल सांगितलं. म्हणजे वय चौतीस. मी मोठ्याने मोजलं, हेही लिहायला हवं. आणि खोलीत बाकीचे होते, हेही.

मी : हातात किती पडतात?

ती : भागतं.

मी : मग यंदा कर्तव्य आहे का?

ती हसली. तेव्हा मला ते हसूच वाटलं.

इथे थांबायचं होतं. या ओळीवर.

मी : जरा वजन उतरव, मग बघ, स्थळांची रांग लागेल!

ती : गोळ्यांनी वाढलंय ते.

मी : कसल्या गोळ्या?

तिने कप विसळला. त्यातला अर्धा चहा तसाच ओतून दिला.

दुसऱ्या दिवशी खुर्ची रिकामी. फोरमन म्हणाले, "तिने खाली कागदाच्या कटिंगला काम मागून घेतलंय."

"खाली? त्या मशीनपुढे शेजारच्याचं बोलणंसुद्धा ऐकू येत नाही."

"तेच हवंय म्हणाली."

मग दोन दिवस मी शिवताना मनात तिच्याशी बोलत होते. दोरा कोणता बरा वाटतो तुला? खिडकी उघडू? यायला किती वेळ लागतो? एवढंच तर होतं. हे का नाही सुचलं?

तिसऱ्या दिवशी खाली गेले. तिने मशीन बंद केलं. भुवयांवर कागदाचा भुगा.

"चुकलंच माझं," मी म्हणाले. "पण आपुलकीनेच विचारलं गं."

"माहितीये. सगळे आपुलकीनेच विचारतात." आवाजात राग नव्हता. असता तर बरं झालं असतं. "ताई, तुमच्या हातात किती पडतात?"

मागच्या दोघांनी माना वर केल्या. माझे कान तापले. इतकी वर्षं काढूनही चारचौघांत सांगावा असा आकडा नाही माझा.

"भागतं," मी म्हणाले.

तिने मान हलवली. जराशी थांबली, मी आणखी काही बोलेन म्हणून असेल. मग बटण दाबलं.

"वर ये ना," मी म्हणाले. मलाच ऐकू आलं नाही.