मास्तरांची कंबर

मास्तरांची कंबर चौतीस इंच होती आणि गेली तीस वर्षं ती चौतीसच होती, याचा त्यांना कोण अभिमान! टेलरिंगच्या दुकानात येणारी गिऱ्हाइकं वर्षाला इंच-दोन इंच फुगायची, पण स्वतःची पँट बेतताना मास्तर डोळे झाकून चौतीसवर खडू मारायचे. मुलगी चिडवायची, "बाबा, कंबर चौतीस, मान्य. पण तिच्यावर हे जे बसलंय ते कुणाचं?" मास्तर पोटावरून हात फिरवून म्हणायचे, "पोटाला पँट लागत नाही."

ही तेवीस वर्षांची मुलगी दुकानात काजं-बटणं करायची आणि बापाची बोलती बंद करायची. एक दिवस तिचे डोळे पिवळे दिसले. शरीर आपल्याच लिव्हरवर उलटलं होतं आणि आता औषधांनी ते सावरणार नव्हतं. डॉक्टरांनी एकच वाट सांगितली. घरातल्या कुणी लिव्हरचा तुकडा द्यायचा. देणाऱ्याचं उरलेलं पुन्हा वाढतं, घेणाऱ्याला दिलेलंही वाढतं. आईचा रक्तगट जुळला नाही. बापाचा जुळला. मास्तर म्हणाले, आजच कापा.

पण तपासणीत मास्तरांच्या लिव्हरमध्ये तीसेक टक्के चरबी निघाली. असा तुकडा मुलीच्या पोटात नीट चालत नाही आणि अर्धं काढल्यावर मागे उरलेलं बापालाही पुरत नाही, असं डॉक्टरांनी समजावलं. धीरही दिला. खाणं कमी केलं, रोज तासभर झपाझप चाललं, तर लिव्हरमधली चरबी सगळ्यात आधी उतरते, दोन महिन्यांतही. रोज सकाळी कंबर मोजायची आणि दर आठवड्याला फोनवर कळवायची, कारण आतली चरबी वजनापेक्षा कंबरेवर जास्त कळते. उंचीच्या निम्म्याच्या आत कंबर हवी. मास्तरांची उंची सहासष्ट इंच, म्हणजे तेहतीस.

सिस्टर टेप घेऊन कंबर कुठे मोजायची ते दाखवायला पुढे आल्या. मास्तरांनी हात वर केला.

"बाई, तीस वर्षं मी दुसरं काही केलेलं नाही. मला कंबर शिकवू नका."

सिस्टर हसल्या. बाहेर रांग होती. टेप परत खिशात गेली.

दुसऱ्या दिवसापासून मास्तर आरशासमोर उभे राहून टेप लावू लागले. जिथे पट्टा बसतो तिथे, पोटाच्या खाली, जिथे त्यांनी हजारो गिऱ्हाइकांना लावली होती. चौतीस. एकच इंच कमी करायचा! चहातली साखर सोडली, संध्याकाळी कोपऱ्यापर्यंत एक फेरी सुरू केली. फोनवर कळवलं, चौतीस. पुढच्या आठवड्यात चौतीस. मग साडेतेहतीस. सिस्टरना जरा नवल वाटलं, पण शिंप्याच्या मापाला कोण नाव ठेवणार?

त्याच टेपने मास्तर मुलीचंही पोट मोजत होते. तिच्या पोटात पाणी साचत होतं, आणि ते किती वाढतंय हे पाहायला रोज मापाची गरज होती. तिथे मात्र मास्तर काटेकोर. ती उताणी झोपलेली असताना, बेंबीच्या रेषेत, दोन्ही कुशींना पेनाने खुणा करून, म्हणजे टेप रोज त्याच जागी पडेल. एकतीस. बत्तीस. तेहतीस. हातपाय काड्यांसारखे आणि पोट तेवढं वाढतंय. ती म्हणाली, "थोड्या दिवसांत तुमची पँट मला होईल." मास्तरांनी टेप गुंडाळून ठेवली.

सहा आठवड्यांनी दोघांना बोलावणं आलं. स्कॅनमध्ये चरबी होती तेवढीच. मास्तर डॉक्टरांवर भडकले, तुमचं मशीन बिघडलंय म्हणाले. सिस्टरनी शांतपणे त्यांचा शर्ट वर केला. शेवटची बरगडी बोटाने चाचपली, कमरेच्या हाडाचा वरचा काठ चाचपला आणि दोन्हींच्या मधोमध खूण केली. पट्ट्यापासून चांगली चार बोटं वर. पोट आत न ओढता सहज श्वास सोडा म्हणाल्या. टेप जमिनीला समांतर, अंगाला टेकलेली पण रुतलेली नाही. मग त्यांनी आकडा वाचला.

"एकोणचाळीस."

मास्तरांनी स्वतः टेपवर वाकून आकडा पुन्हा वाचला. सिस्टर सांगत होत्या की पट्टा हाडावर बसतो आणि हाड काही जाड होत नाही. चिमटीत येते ती चरबी कातडीखालची. ही आत, आतड्यांभोवती साठते आणि तिथलं रक्त थेट लिव्हरमध्ये जातं. मास्तरांना सगळं समजत होतं. तीस वर्षं ते पँटची कंबर मोजत होते. माणसाची कंबर त्यांनी कधी मोजलीच नव्हती.

आणि सहा आठवडे गेले होते.

घरी येताना मुलगी रिक्षात डोळे मिटून बसली. तिने टोमणा मारला असता तर बरं झालं असतं, असं त्यांना फार वाटलं.

मग मात्र मास्तरांनी जिवाचं रान केलं. पहाटे तासभर चालायचं, संध्याकाळी तासभर. ताट निम्मं, तळलेलं बंद, गोड बंद. बैठं काम म्हणून कटिंगचं टेबल उंच करून घेतलं आणि दिवसभर उभे राहिले. रोज सकाळी बरगडी, हाड, मध्य, सोडलेला श्वास. अडतीस. साडेसदतीस. पँटी ढिल्या पडल्या, पण आता त्यांना पँटींचं काहीच पडलं नव्हतं. सदतीस. छत्तीस. तिकडे मुलीचं पोट अडतीसवर गेलं. डॉक्टरांनी सुई घालून पाणी काढलं, तेहतीस झालं, दहा दिवसांत पुन्हा सदतीस. एका सकाळी दोन्ही आकडे सारखे आले. मास्तरांनी ते कुणाला सांगितलं नाही.

त्या दुसऱ्या मोजणीनंतर आठव्या आठवड्यात त्यांची कंबर साडेपस्तीस भरली. तेहतीस दूरच होती, पण स्कॅन पाहून डॉक्टरांनी मान डोलावली. लिव्हर साफ होत आलंय, हे चालेल. ऑपरेशनची तारीख ठरली, पुढचा मंगळवार. बायकोने कितीतरी दिवसांनी पोटभर जेवून घेतलं.

शनिवारी मुलीला ताप भरला. पोटात साचलेल्या पाण्याला जंतूंची लागण झाली होती. ती आटोक्यात आल्याशिवाय चाकू लावता येत नाही, डॉक्टर म्हणाले. मंगळवार गेला. मास्तर दवाखान्याच्या बाकावर उपाशी बसून राहिले, न जाणो कधी बोलावतील. मग तिच्या किडन्याही थकल्या. गुरुवारी सकाळी तिने बापाचा हात हातात घेतला.

"बाबा, बारीक झालात."

"आता देतो ना तुला."

"माहीत आहे," ती म्हणाली. दुपारी ती गेली.

मास्तरांनी डॉक्टरांना एकच विचारलं, ते सहा आठवडे वाया गेले नसते तर? डॉक्टर म्हणाले, तसं सांगता येत नाही. मास्तरांना मात्र सांगता येत होतं.

महिन्याने दुकान उघडलं. पहिलं गिऱ्हाईक आलं ते चाळिशीतलं, पोट सुटलेलं, मुलीला शाळेत सोडून आलेलं. कंबर छत्तीस असेल बघा, म्हणालं. मास्तरांनी पट्ट्यावर टेप लावली, छत्तीसच होती, लिहून घेतली. मग शर्टावरूनच त्याची शेवटची बरगडी चाचपली, हाड चाचपलं आणि वर टेप धरली.

"मास्तर, पँट तिथे नसते," गिऱ्हाईक हसलं.

"श्वास सोडा," मास्तर म्हणाले.

बेचाळीस. त्यांनी एका चिठ्ठीवर तो आकडा लिहिला आणि त्याच्या खिशात घातला. गिऱ्हाइकाने विचारलं, ही कसली शिलाई? मास्तरांनी समोरच्या स्टुलावर अजून तसाच असलेल्या तिच्या बटणांच्या डब्याकडे पाहिलं. "ती पँटची कंबर. ही तुमची. डॉक्टरांना दाखवा," ते म्हणाले.