दोन घास आणि बस

वळणावर ड्रायव्हरच्या डोळ्यांपुढे अंधारी आली. बस कशीबशी कडेला घेऊन त्याने डोकं स्टिअरिंगवर टेकलं. कोणाला खरचटलंही नाही. पण आता डॉक्टरने सही केल्याशिवाय डेपो त्याला गाडी देणार नव्हता.

डेपोच्या दवाखान्यात सोबत आलेला कंडक्टरच आधी बोलला.

"डॉक्टरबाई, हा दिवसभर उपाशी गाडी हाकतो."

"मास्तर, तू गप रे," ड्रायव्हरने कंडक्टरला दटावलं.

"का गप? तू जाशील तो जाशील, अख्खी बस घेऊन जाशील!"

ड्रायव्हरने खाली बघतच सांगितलं, "दोन घास पोटात गेले की लगेच संडासला जावं लागतं. एकदा मधेच बस थांबवली, तर प्रवाशांनी शिट्ट्या मारल्या. तेव्हापासून ड्युटीवर खाणं बंद. घरी गेल्यावर एकदाच पोटभर जेवतो."

"आणि तेव्हा?"

"तेव्हा तर ताट टाकून पळतो. बायको म्हणते, माझ्या स्वयंपाकाची एवढी दहशत! पण खाल्लेलं अंगी लागायच्या आतच निघून जातं, मग खायचं कशाला?"

रक्त पडतं का, झोपेतून उठावं लागतं का, वजन उतरलंय का, असं डॉक्टरबाईंनी विचारलं. तसं काही नव्हतं.

"निघतं ते आत्ताचं नाही, आधीचं," त्या म्हणाल्या. "जेवण पोटात पडून जठर ताणलं की मोठ्या आतड्याला इशारा जातो. ते आवळतं आणि साठलेलं पुढे ढकलतं. हे सगळ्यांच्याच पोटात होतं, तुम्हाला जोरात जाणवतं एवढंच. त्यात तुम्ही दिवसभर रिकामं ठेवून एकदम गच्च भरता. भरपूर आणि तेलकट खाल्लं की हा इशारा आणखी जोरात जातो."

"म्हणजे मीच वाढवून ठेवलं?"

"डबा आणलाय ना? इथेच खा. संडास समोरच आहे."

चार घास झाले आणि तो उठला. कंडक्टरने अदबीने दार उघडून धरलं. "या साहेब, इथे शिट्टी मारणारं कोणी नाही."

परत आल्यावर बाईंनी आणखी खायला लावलं. तो पोटावर हात ठेवून वाट बघत राहिला. काहीच झालं नाही.

"बघा, साठलेलं एकदा गेलं की ढकलायला काही उरत नाही. आता रोज घरून लवकर खाऊन, मोकळं होऊन निघायचं. वाटेत थोडंथोडं खायचं. उपाशी राहायचं नाही."

"मग सही?"

"आज नाही. रक्त तपासू. आठवडाभर असं खाऊन चक्कर येत नाही हे दिसू दे, मग बघू."

बाहेर त्याची बस दुसऱ्याच ड्रायव्हरने सुरू केली. कंडक्टर पळत जाऊन चढला आणि दारातून ओरडला, "जेव रे, गधड्या!"

बस फाटकातून बाहेर पडेपर्यंत तो बघत राहिला. मग बाकावर बसून त्याने पुढचा घास घेतला, सावकाश.