गुडघ्याएवढी खिडकी

नर्सची नोकरी संपल्यावर आईने शुश्रूषा केंद्र काढलं. तिथे येणारे बहुतेक पेशंट घरी परतत नसत, आणि आता आईही त्यांच्यातलीच एक झाली होती. केंद्राचा नवा विभाग बांधायचा ठरला तेव्हा तिचा हट्ट एकच होता. पलंगावर पडल्यापडल्या बाहेरची माणसं दिसली पाहिजेत. "आकाश कसलं दाखवता? वरच जायचंय. येणारी-जाणारी दाखवा," असं ती म्हणायची. मी तिची मुलगी आणि आर्किटेक्टही. कच्च्या नकाशात मी सगळ्या खिडक्या गुडघ्याच्या उंचीपासून सुरू केल्या.

कारभार दादाकडे होता. मी त्याला नेहमीची पद्धत सुचवली. आधी नकाशे पुरे करायचे, मग निविदा मागवायच्या, मग कंत्राटदार नेमायचा.

"तो चुकला तर धरायला मी आहे. आणि काय कसं हवं, ते शेवटपर्यंत तूच ठरवशील," मी म्हटलं.

"आणि नकाशाच चुकला तर?" दादा म्हणाला.

पहिल्या इमारतीत त्याचे हात पोळले होते. सांडपाण्याचा पाइप नकाशात नेमका तुळईतून जात होता. तेव्हाचा आर्किटेक्ट म्हणे, कंत्राटदाराने बघायला हवं होतं. कंत्राटदार म्हणे, दिलं तसं बांधलं. नकाशे मालकाने दिलेले, म्हणून भुर्दंड दादाला.

"या वेळी डिझाइन आणि बांधकाम एकाकडेच. चूक कशातही निघो, निस्तरायची त्याने. शिवाय वरचे नकाशे होईपर्यंत पाया भरून होतो. तुझ्या पद्धतीने गेलो तर आई…"

डॉक्टरांनी वर्षभराचीही खात्री दिली नव्हती. त्याचं काही चुकत नव्हतं, हेच मला झोंबलं.

कंत्राटदारांना द्यायचं गरजांचं पत्रक दादाने लिहिलं. त्यात होतं, प्रत्येक पलंगाला खिडकी, भरपूर उजेड. उंची लिही म्हणून मी मागे लागले.

"मी मापं ठरवायला लागलो की त्यांची जबाबदारी पुन्हा माझ्याच गळ्यात," तो म्हणाला. हेही खरंच होतं. माझा भाऊ बरोबर बोलायला लागला की मला भांडायला काही उरत नाही.

काम ज्याला मिळालं त्याला केंद्रात सगळे झटपट म्हणत. त्याला डिझाइनसाठी माणूस हवा होता, दादाने माझंच नाव पुढे केलं. घरचं माणूस आत असलेलं बरं, असा त्याचा हिशोब. पण माझा करार झालेला झटपटशी. माझा मालक आता तो होता.

झटपटने भिंती कारखान्यातून तयार आणायचं ठरवलं. त्याच्या साच्यांत खिडकी छातीच्या उंचीपासून सुरू व्हायची. मी हरकत घेतली.

"मॅडम, पत्रकात उंची दिलीय का?"

"नाही."

"उजेड भरपूर येतो ना?"

येत होता. मी तसा नकाशा काढला. तो दादापुढे गेला त्या बैठकीत मी स्वतः खिडकीवर बोट ठेवलं आणि म्हटलं, "पलंगावरून इथून फक्त आकाश दिसेल."

दादाने झटपटकडे बघितलं.

"करून देतो ना," झटपट शांतपणे म्हणाला. "नवे साचे लागतील. बदल तुमचा, म्हणून खर्च तुमचा. आणि दोन-तीन महिने पुढे जाईल."

"चिमे, काय करू?"

मी टेबलाच्या झटपटकडच्या बाजूला बसले होते. "खर्चाचं सोड," मी म्हटलं. "तेवढे महिने आहेत का आपल्याकडे?"

दादाने सही केली. मला वाईट वाटायला हवं होतं. मी पुढचा नकाशा उलगडला.

इमारत मुदतीच्या आधी उभी राहिली. एका न्हाणीघराचा उतार उलटा निघाला, तो झटपटने एक शब्द न बोलता तोडून पुन्हा केला. आधीच्या वेळी याच कामाला वकील लागला असता. दादाने हे मला दोनदा सांगितलं.

आई आली, पलंगावर टेकली आणि खिडकीकडे बराच वेळ बघत राहिली.

"स्वच्छ आहे गं," ती म्हणाली.

मी वाट बघत होते की ती ओरडेल. आयुष्यभर ओरडतच आली होती. दुसऱ्या दिवशी तिने नर्सला सांगून पलंग दाराकडे फिरवून घेतला. दारातून व्हरांड्यातली माणसं दिसत. महिनाभर ती त्यांच्याकडे बघत होती. मग गेली.

मी कामावर जात राहिले. जेवत होते, झोपत होते, कुणी विचारलं तर बरी आहे म्हणत होते. काही दिवसांनी दादाचा ऑफिसात फोन आला.

"चिमे, त्या खिडक्या खाली घेता येतील?"

"भिंती कापाव्या लागतील. त्याला पुन्हा दोन-तीन महिने लागतील, दादा."

"लागू देत," दादा म्हणाला. "आता कसली घाई?"