उष्ट्याची वही

"राज्यं तलवारीनं टिकत नाहीत, स्वयंपाकघरानं टिकतात!" प्रशासन अधिकारी आदिनाथ शेलार यांनी कॅन्टीनच्या मधोमध उभं राहून जाहीर केलं. केडगावच्या अलीकडे, पंपांचे सुटे भाग करणाऱ्या कारखान्याचं ते कॅन्टीन. या वाक्यानं इतिहासाला थोडा धक्का बसला असता. पण साहेबांच्या मिशीला वरण लागलेलं होतं, त्यामुळे लक्ष तिकडंच गेलं.

निमित्त होतं कॅन्टीन सुपरवायझर यशोधरा गायकवाड यांच्या वार्षिक मूल्यमापनाचं. चार रकाने, प्रत्येकी पंचवीस गुण. एका जरी रकान्यात दहाच्या खाली गुण आले, की कॅन्टीन पुण्याच्या ठेकेदाराकडं आणि यशोधराबाई परत स्टोअरला, नटबोल्ट मोजायला. फॉर्म साहेबांनी स्वतः बनवला होता. दोन दिवसांच्या प्रशिक्षणाहून आलेला माणूस फॉर्म बनवल्याशिवाय राहत नाही.

पहिल्या रकान्यात, अन्नाच्या दर्जाला, तेवीस पडले. साहेबांनी नमुन्यादाखल अख्खं ताट घेतलं होतं.

स्वच्छतेला चोवीस. कालच्या जेवणाचे नमुने तारखेच्या चिठ्ठ्या लावून फ्रीजमध्ये होते, स्वयंपाकघरातल्या पाचही जणांचे वैद्यकीय दाखले भिंतीवर, भाज्या चिरायचे पाट वेगळे. एक गुण गेला, कारण स्वयंपाकघरात एक इसम बिनटोपीचा आढळला. तो इसम म्हणजे साहेब स्वतः. तरी नियम तो नियम.

खर्चाला बावीस. गॅस गेल्या वर्षीपेक्षा कमी, ताटामागचा खर्च ठरल्याच्या आत.

मग चौथा रकाना आला : अभिप्रायाला प्रतिसाद. साहेबांनी तक्रारपेटीचं कुलूप उघडलं. आत एक एसटीचं तिकीट निघालं आणि एक चिठ्ठी, 'पंखा नीट करा.' तक्रारवही अकरा महिने कोरी.

"शून्य," साहेब म्हणाले.

"का हो साहेब?"

"जेवणाची एक तक्रार नाही, तर तुम्ही प्रतिसाद दिला कशावर?"

आचारी अजीजभाई झारा घेऊन पुढं आले. "आसं हाय व्हय? मग उद्या डाळीत दोन खडे टाकतो. लई तक्रारी येतील, दुपारपातुर निकाल लावून टाकू!"

"अजीजभाई, स्वच्छतेचे चोवीस जातील," यशोधराबाई शांतपणे म्हणाल्या. "साहेब, आपली माणसं तक्रार लिहीत नसतात. लिहिलं की बाईचं नुकसान होईल म्हणतात. तोंडावर म्हणतात, 'छान हाय वहिनी'. आणि ताट बादलीत उलटं करतात."

"मग तुम्हाला कळतं कसं?"

"बादली खोटं बोलत नाही."

त्यांनी ओट्याखालून एक वही काढली. पानं तेलकट, अक्षर सुबक. रोजची तारीख, त्या दिवशीची भाजी, जेवलेली माणसं, आणि उष्ट्याचं वजन, भाजीचं निराळं, भाताचं निराळं. शेवटच्या रकान्यात : काय केलं.

साहेबांनी मधूनच पान उघडलं. दहा जून, दोडका, तीनशे ऐंशी माणसं, उष्टी भाजी चौदा किलो.

"चौदा!" साहेब खूश झाले. अखेर काहीतरी सापडलं.

"पुढचं वाचा की. मी दोघातिघांना विचारलं. लेथवरचा सुनील म्हणाला, शिरा चावत नाहीत. म्हणून पुढच्या खेपेला शिरा सोलल्या, हरभऱ्याची डाळ घातली."

सतरा जून. दोडका-डाळ. उष्टी भाजी तीन किलो.

"आणि सोललेल्या शिरा? टाकल्या?"

"त्यांची तीळ घालून चटणी केली, साहेब," अजीजभाई म्हणाले. "आजबी तीच हाय, तुमी आत्ता तीनदा मागितली."

साहेबांनी आणखी चार पानं उलटून पाहिली. त्या त्या तारखांचे मेनूचे कागद मागवून ताडून पाहिले. सगळं जुळलं. मग त्यांनी आपल्याच फॉर्माची तळटीप वाचली : 'तारीख, अभिप्राय, केलेली कार्यवाही यांची लेखी नोंद हवी.' तिन्ही गोष्टी होत्या. फक्त अभिप्राय पेनानं न देता खरकट्यानं दिलेला होता.

"शून्य खोडतो," ते म्हणाले आणि पंचवीस लिहून सही केली. "बाई, ही वही मी पुण्याच्या मुख्य कचेरीत दाखवणार. देशातल्या प्रत्येक कॅन्टीननं हा आदर्श..."

साहेबांचा आवाज पुन्हा इतिहासाकडं निघाला. अजीजभाईंनी झारा खाली ठेवला, हात पुसले. यशोधराबाईंनी वही परत घेतली, डोक्यावरची टोपी सारखी केली आणि टेबलावरच्या साहेबांच्या ताटाकडं बोट दाखवलं.

"साहेब, तेवढा भात संपवता का? नाहीतर आता वहीत पाव किलो लिहावा लागेल."