चार कच्च्या पाचरींचा लेख

गेल्या आषाढापासून माझ्या शेडमध्ये करवत जवळजवळ बंदच होती. जासईत माझं लाकडी पॅलेटचं काम आहे. परदेशी जाणारा माल ज्या लाकडी चौकटीवर ठेवतात, ती आम्ही ठोकतो आणि गरम खोलीत शेकतो. लाकडाच्या गाभ्यात छप्पन्न अंश, सलग तीस मिनिटं. मग त्यावर शिक्का बसतो, म्हणजे आत किडा जिवंत नाही. माझ्याकडे सहा माणसं आणि गिऱ्हाईक एकच, तेही मोठं. ते प्लॅस्टिकच्या पॅलेटवर गेलं आणि आम्ही सगळे एकमेकांची तोंडं बघत बसलो. दिवाळीपर्यंत नवीन काम आलं नाही तर गरम खोली विकायची, हे मी माणसांना सांगून टाकलं होतं.

ओळखीच्या सगळ्यांना फोन झाले. पण माझ्या ओळखीचे म्हणजे दुसरे पॅलेटवालेच. त्यांतल्याच भगवानकडे काम मागणं म्हणजे उपाशी माणसाने उपाशी माणसाच्या दारात ताट घेऊन उभं राहणं. शेवटी निर्यातदारांच्या संघटनेच्या वाशीच्या ऑफिसात गेलो. त्यांचं मासिक वार्तापत्र निघतं, राज्यभर जातं. म्हटलं, कोपऱ्यात एक जाहिरात टाकू.

संपादनाचं काम गीतांजली मॅडम बघतात. चष्म्यावरून बघून म्हणाल्या, "जाहिरातीची पानं लोक उलटून टाकतात, धम्मपाल. तुम्ही पाहुण्या लेखकांच्या सदरात लेख लिहा. आठशे शब्द, आधी कुठे छापलेला नको. लेखात तुमच्या कंपनीची स्तुती नको. शेवटी दोन ओळींत तुमची ओळख आणि नंबर आम्ही देतो. वीस तारखेला हवा."

मी दहावीनंतर अर्जाशिवाय काही लिहिलेलं नाही. तरी घणसोली गावातल्या आमच्या दीड खोलीत बसून लिहिलं. आमची स्थापना, आमची सचोटी, आमची तत्पर सेवा. लेख दोन दिवसांत परत आला. मॅडमनी खाली लिहिलं होतं, "यात तुम्ही आहात, वाचक कुठे आहे? नाशिकच्या माणसाला तुमच्या स्थापनेशी काय देणंघेणं? त्याचा माल अडकू नये यासाठी तुम्हाला काय माहीत आहे, ते सांगा."

राग आला. मग कळलं की बाई खरं बोलतेय, म्हणून आणखी राग आला.

मला माहीत होतं ते एकच, आणि ते पक्कं माहीत होतं. लोक पॅलेट शिक्क्याचं घेतात, पण कंटेनरमध्ये यंत्र हलू नये म्हणून खाली ज्या पाचरी मारतात, त्या कसल्याही लाकडाच्या. ऐनवेळी कापलेल्या. तपासणारा पॅलेट बघून खूश होतो आणि पाचर बघून अख्खा कंटेनर परत पाठवतो. तसंच एकदा घडलेलं मी लिहिलं. एका कंपनीचं यंत्र, चार कच्च्या पाचरी, एकीत किडा, माल परत. "कंपनीच्या सुपरवायझरने घाईत या पाचरी मारल्या," असं लिहिलं. पाचरींनाही शिक्का हवा, दुरुस्त केलेलं पॅलेट पुन्हा शेकायला हवं, कंटेनर बंद करण्याआधी काय काय तपासायचं, सगळं लिहिलं.

मॅडमचा लगेच फोन आला. "हेच हवं होतं! उद्या पान लावते. एकच गोष्ट, त्या सुपरवायझरचं पुढे काय झालं? एका ओळीत घाला."

"बघतो," म्हणून मी फोन ठेवला.

सुपरवायझरचं नाव नंदकुमार, माझ्या त्या एकुलत्या गिऱ्हाइकाचाच माणूस. कंटेनर माझ्याच शेडसमोर भरला होता. बंदराचं गेट बंद व्हायला तासभर उरला होता, ड्रायव्हर हॉर्न मारत होता. पाचरी मी कापल्या. नंदकुमार म्हणाला, "शिक्का दिसत नाय, भाऊ." मी म्हटलं, "शेकलेल्याच आहेत, मारा." माल परत आल्यावर कंपनीने चौकशी केली तेव्हा मी सरळ सांगितलं, आमच्याकडून सगळं शिक्क्याचंच गेलं, पाचरी तुमच्या माणसाने कुठून आणल्या माहीत नाही. त्याची नोकरी गेली. माझं काम आणखी वर्षभर चाललं.

त्या संध्याकाळी सोनमला, माझ्या बायकोला, सगळं सांगितलं. तिने भाकरी तव्यावरच सोडली.

"आणि तुमी परत त्याचंच नाव खराब करताय? तेबी छापून?"

"नाव कुठे लिहिलंय?"

"त्याला कळणार नाही का?"

"खरं लिहिलं तर खाली माझाच नंबर आहे, सोनम. वाचून कोण काम देईल? सहा माणसं आहेत."

"सहाच का? सातवा कुठं गेला, ते एकदा तरी विचारलं का तुमी?"

करपलेली भाकरी तिने खाली उतरवली. मला जेवण गेलं नाही. लेख चांगला झाला होता, हीच तर पंचाईत होती. आयुष्यात पहिल्यांदा अनोळखी माणसं माझं ऐकणार होती, आणि त्यांना मी खोटं सांगणार होतो.

सकाळी मॅडमना फोन केला. म्हटलं, सुपरवायझरच्या त्या वाक्याऐवजी हे घाला. "पाचरी मी कापल्या, त्या शेकलेल्या नव्हत्या. सुपरवायझरने विचारलं तेव्हा आणि नंतर चौकशीतही मी खोटं बोललो, आणि त्याची नोकरी गेली."

मॅडम म्हणाल्या, "धम्मपाल, खाली तुमचं नाव आहे. विचार केलात?"

"लवकर लिहून घ्या मॅडम, नाहीतर मीच मागे फिरेन."

अंक आला. दहा दिवस फोन वाजतच नव्हता, आणि मी रिंगचा आवाज वाढवून बसलो होतो. मग फोन सुरू झाले. सांगलीहून, नाशिकहून, एक थेट नागपूरहून. कधी न पाहिलेली माणसं. "लेख भारी आहे, साहेब. आमच्या पाचरींचं कसं तपासायचं?" प्रत्येकाला सांगितलं. पॅलेट हवेत का, असंही विचारलं. "आमचा नेहमीचा माणूस आहे," असं सगळे म्हणाले. एकजण सभ्यपणे म्हणाला, "तुमचा प्रामाणिकपणा आवडला, पण आमच्या साहेबांना कसं सांगू?"

लेख सगळीकडे पोचला आणि काम कुठूनच आलं नाही. दिवाळीच्या आधी गरम खोली भगवानने विकत नेली. माणसांचा हिशोब चुकता केला. रिकाम्या शेडमध्ये उभा राहून मी त्या लेखाला शिव्या दिल्या, मॅडमना दिल्या, सोनमलाही दिल्या. कुणी ऐकायला नव्हतं.

तेवढ्यात फोन वाजला. अनोळखी नंबर.

"नंदकुमार बोलतोय."

मी म्हटलं, "नंदकुमार, मी..."

"राहू द्या. हल्ली चिपळूणला असतो, गावी. जुन्या ऑफिसातल्या एकाने मोबाईलवर पाठवला तुमचा लेख." मग म्हणाला, "छापलेला अंक मिळेल का? वडिलांना मोबाईलवरचं दिसत नाही. दोन वर्षं झाली, त्यांना वाटतं मी नोकरीत काहीतरी लबाडी केली. माझ्याशी नीट बोलत नाहीत."

मला रडू आलं आणि ते त्याला ऐकू गेलं असणार. म्हटलं, "आजच निघतो. स्वतः आणून देतो. त्यांच्यासमोर सांगतो सगळं."

"नको," तो म्हणाला. "पोस्टाने पाठवा."