धनुर्धारिणीची मान

गेम बनवणाऱ्या त्या छोट्या कंपनीत बहीण-भाऊ एकाच खोलीत, पाठीला पाठ लावून बसत. थोरली पात्रांच्या हालचाली रचायची. तिला सगळं ऑफिस ताई म्हणे. धाकटा त्या हालचाली गेममध्ये चालवणारा प्रोग्राम लिहायचा. लहानपणी तिनंच त्याला ‘गणित्या’ म्हणायला सुरुवात केली होती आणि ते नाव ऑफिसातही येऊन चिकटलं होतं.

ताईनं त्या गेमसाठी एक धनुर्धारिणी घडवली होती. धनुष्य ओढून उभी राहिली की नजर खिळून राहावी अशी. तिचा श्वाससुद्धा खांद्यांत दिसायचा. पण गणित्यानं तिला लक्ष्यामागे वळायला शिकवलं आणि घोळ झाला. चाचणीसाठी ठेवलेला लाल चेंडू उजवीकडे गेला की मान ठीक, डावीकडे गेला की बाईची मान पिळलेल्या फडक्यासारखी व्हायची. शिवाय बाण दोन्हीकडे चेंडूच्या बराच मागे राहायचा.

कंपनीच्या प्रमुखांनी ते पाहिलं आणि शांतपणे सांगितलं, “ती पोझच काढा. समोर तोंड करून उभी करा. परवा गेम बघायला पाहुणे यायचेत.”

हे ताईला सांगायचं गणित्याच्या जिवावर आलं. दुपारी चहाचे कप घेऊन तो तिच्या खुर्चीपाशी घुटमळला.

“बोल की. तोंड का पाडलंयस?”

त्यानं सांगितलं. ताई पडद्यावरच्या आपल्या बाईकडे नुसती बघत राहिली. त्यापेक्षा चार शब्द सुनावले असते तर बरं, असं त्याला वाटलं.

“तू मानेला मर्यादा घातली नाहीस का?” शेवटी तिनं विचारलं.

“घातलीय ना! अर्धं वळण पाठीचा कणा घेतो, अर्धं मान. आणि मान साठ अंशांच्या पुढं जातच नाही.”

“साठ कुठून मोजलेस?”

“कुठून म्हणजे? तुझ्या पोझपासून.”

ताई उठली. कोपऱ्यातली छत्री तिनं धनुष्यासारखी डाव्या हातात धरली, उजवा हात गालापाशी ओढला आणि भिंतीकडे नेम धरला. “आता माझ्याकडे नीट बघ. छाती कुठं आहे?”

“खिडकीकडे.”

“आणि तोंड?”

“भिंतीकडे...” गणित्या थबकला. “अरे देवा.”

धनुष्य ओढणारी बाई आडवी उभी असते. तिची मान आधीच डाव्या खांद्यावरून पुरती वळलेली असते. त्या वळणावर तो आणखी साठ अंश चढवत होता. उजवीकडे जाताना तीच मान सुटायची, म्हणून तिथं मानेची चूक दिसतच नव्हती.

“चल, डावीकडे सरक,” ताई म्हणाली.

तो हळूहळू तिच्याभोवती फिरू लागला. आधी तिचे डोळे सरकले, पाठोपाठ कमरेपासून सगळी पाठ वळली. छाती, हात, छत्री, डोकं सगळं मिळून; मान छातीशी होती तशीच राहिली. पाठ वळायची थांबली तेव्हा तिनं पाय उचलून टाकला.

“माझी मान दुखली का? नाही. कारण ती वळलीच नाही,” ती म्हणाली.

गणित्या चहा तसाच टाकून कामाला लागला. मानेची मर्यादा आता छातीपासून मोजायची, पोझमधलं वळण धरून. धनुष्य हातांत, हात छातीला जोडलेले. म्हणजे नेमाचं वळण कण्याच्या मणक्यांनी वाटून घ्यायचं, डोक्यानं उरलंसुरलं. कण्याची हद्द संपली की पावलं वळवायची. आणि हे सगळं ताईच्या हालचालीवर वरून मिळवायचं, ती पुसून नाही, म्हणजे श्वासही जागचा जागी राहील.

एकच खोड उरली. चेंडू बरोबर पाठीमागे गेला की बाई डावी-उजवी करत थरथरायची.

“नाही नाही म्हणतेय तुला,” ताई हसली.

“कुठल्या बाजूनं वळावं ते तिला ठरवता येत नाहीये.” एकदा एक बाजू धरली की चेंडू बराच पलीकडे जाईपर्यंत तिनं ती सोडायची नाही, असं त्यानं प्रोग्राममध्ये लिहिलं. थरथर थांबली.

संध्याकाळी प्रमुख आले. चेंडू फिरला, बाण त्याच्यावरच राहिला, बाई शांतपणे पाऊल टाकून वळली.

“पोझ तीच आहे?” त्यांनी विचारलं.

“तीच,” गणित्या म्हणाला. “चूक माझ्या मोजण्यात होती.”

“मग राहू द्या.”

ते गेल्यावर ताईनं खुर्ची ओढून त्याच्या शेजारी घेतली. “दे इकडं माऊस,” ती म्हणाली, आणि दोघं बराच वेळ आळीपाळीनं चेंडू फिरवत बसली.